रॉकेट डावीकडे का वाकते? हिटस्कॅन आणि प्रोजेक्टाइल शस्त्रांच्या नेमाचे एक प्रकरण

दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा घरी आला होता. दोन लॅपटॉप एका केबलने जोडून आम्ही रोज संध्याकाळी ‘क्वेक थ्री अरेना’ खेळत होतो. १९९९ साली आलेला हा खेळ आज जुना मानला जातो, पण नेमबाजी समजून घ्यायची असेल तर मी अजूनही त्याच्याकडेच वळतो. त्यातील शस्त्रांचे आकडे गोल आणि स्वच्छ आहेत. शिवाय इड सॉफ्टवेअरने २००५ साली त्याचा सोर्स कोड खुला केल्यामुळे कोणतीही शंका आली तर अंदाज न बांधता थेट कोड उघडून पाहता येते. भाचा या खेळात नवखा नव्हता. लाइटनिंग गन हातात आली की तो मला सुटू देत नसे, आणि रेलगनचा त्याचा नेमही माझ्यापेक्षा चांगला होता. रॉकेट लाँचर घेतला की मात्र सगळे बिघडत असे. तिसऱ्या दिवशी तो वैतागून म्हणाला, “मामा, माझं रॉकेट डावीकडे वाकतं.”

ही तक्रार मी गांभीर्याने घेतली, कारण खेळाडू जे पाहतो ते सहसा खोटे नसते; चूक असते ती त्याने लावलेल्या अर्थात. “नेहमी डावीकडेच वाकतं का?” असे मी विचारले, तेव्हा त्याने थोडा विचार केला, आणखी दोन फेऱ्या खेळला आणि सांगितले की तो स्वतः उजवीकडे सरकत असेल तर रॉकेट डावीकडे वाकते आणि डावीकडे सरकत असेल तर उजवीकडे. या एका वाक्यात प्रकरणाचे उत्तर होते, पण ते उत्तर नीट समजण्यासाठी हिटस्कॅन आणि प्रोजेक्टाइल ही दोन प्रकारची शस्त्रे खेळाच्या आत कशी चालतात हे आधी पाहावे लागते.

हिटस्कॅन शस्त्रात गोळी नावाची वस्तूच नसते. खेळाडूने बटण दाबले की सर्व्हर त्याच्या डोळ्यांच्या रोखाने एक सरळ रेषा काढतो आणि त्या रेषेवर सर्वांत आधी काय आडवे येते ते पाहतो. आडवा आलेला खेळाडू असेल तर त्याला त्याच क्षणी इजा होते. रेलगनच्या कोडमधील मुख्य ओळी अशा आहेत:

```
VectorMA (muzzle, 8192, forward, end);
trap_Trace (&trace, muzzle, NULL, NULL, end, passent, MASK_SHOT);
```

पहिली ओळ नळीच्या टोकापासून ८१९२ युनिट दूरचा बिंदू ठरवते आणि दुसरी त्या बिंदूपर्यंतची रेषा तपासते. या दोन ओळींमध्ये काळ कुठेच येत नाही. रेलगन सुटल्यावर पडद्यावर उमटणारी रंगीत वेटोळी रेघ ही निकाल लागल्यानंतर काढलेली निव्वळ खूण असते. मशीनगन, शॉटगन आणि लाइटनिंग गन याच जातीच्या आहेत. लाइटनिंग गनची रेषा फक्त ७६८ युनिटांवर संपते आणि बटण दाबून ठेवले तर दर ५० मिलिसेकंदांनी पुन्हा तपासली जाते.

रॉकेट मात्र प्रोजेक्टाइल आहे, म्हणजे खेळाच्या जगातली खरी वस्तू. ती जन्माला येते, हवेत राहते, सरकते आणि कशावर तरी आदळून फुटते. तिच्या कोडमध्ये काळ आणि वेग दोन्ही आहेत:

```
bolt->s.pos.trType = TR_LINEAR;
bolt->s.pos.trTime = level.time - MISSILE_PRESTEP_TIME;
VectorScale( dir, 900, bolt->s.pos.trDelta );
```

पहिली ओळ सांगते की रॉकेटचा मार्ग सरळ रेषेचा आहे, म्हणजे त्याच्यावर गुरुत्वाकर्षणाचाही परिणाम होत नाही. तिसरी ओळ त्याला सेकंदाला ९०० युनिटांचा वेग देते. मधल्या ओळीतील सवलत छोटी आहे: रॉकेट प्रत्यक्षात सुटले त्याच्या ५० मिलिसेकंद आधीच सुटले होते असे धरले जाते, त्यामुळे ते सुरुवातीलाच ४५ युनिट पुढे असते. आता यात खेळाडूचा वेग किती लहान आहे हे पाहावे. क्वेक थ्रीमध्ये माणूस सेकंदाला ३२० युनिट धावतो. म्हणजे रॉकेट धावत्या माणसाच्या तिप्पट वेगाचेही नाही. ही गोष्ट मी भाच्याला सांगितली तेव्हा त्याला आश्चर्य वाटले, कारण पडद्यावर रॉकेट फार जोरात गेल्यासारखे दिसते.

मग वाकण्याचे काय? कोडप्रमाणे रॉकेट वाकूच शकत नाही. नेटवर्कचा दोषही नव्हता, कारण दोन लॅपटॉप एकाच केबलवर होते आणि उशीर असता तरी त्याने रॉकेट मागे पडले असते, वाकले नसते. माऊस ठीक होता, अन्यथा रेलगनही चुकली असती. म्हणून मी माझ्या बाजूने `record` आज्ञा देऊन एका फेरीचा डेमो नोंदवला आणि तो `timescale 0.25` लावून, म्हणजे एक चतुर्थांश वेगाने, दोघांनी मिळून पाहिला. माझ्या नजरेतून पाहिल्यावर चित्र स्पष्ट झाले. त्याची रॉकेटे धुराची अगदी सरळ रेघ काढत येत होती आणि मी जिथे काही क्षणांपूर्वी होतो तिथून, माझ्या पाठीमागून, निघून जात होती. त्याच वेळी समोर भाचा काय करत होता तेही दिसत होते. मी ज्या बाजूला पळत होतो त्याच बाजूला, त्याच वेगाने, तोही सरकत होता.

लाइटनिंग गन चांगली चालवणारे खेळाडू हेच करतात. प्रतिस्पर्धी एका बाजूला सरकू लागला की आपणही आरशातल्या प्रतिबिंबासारखे त्याच्याबरोबर सरकायचे. याचे कारण हिटस्कॅनच्या स्वभावात आहे. हिटस्कॅनला फक्त एक प्रश्न पडतो: या क्षणी क्रॉसहेअर शरीरावर आहे की नाही? समजा प्रतिस्पर्धी ३०० युनिटांवर आडवा धावतो आहे आणि आपण स्थिर उभे आहोत. तेव्हा तो आपल्या नजरेत सेकंदाला सुमारे ६१ अंश सरकतो, आणि त्याचे ३० युनिट रुंदीचे शरीर साडेपाच अंशांच्या थोडे वर भरते. तोच ९०० युनिटांवर गेला तर सरकण्याचा वेग २० अंशांवर येतो, पण शरीरही जेमतेम दोन अंशांचे उरते. म्हणजे जवळचे लक्ष्य मोठे असते पण तितकेच चपळ असते आणि दूरचे संथ असते पण तितकेच बारीक असते. क्रॉसहेअर एका जागी धरून ठेवला आणि प्रतिस्पर्ध्याला त्यातून जाऊ दिले, तर बटण दाबण्यासाठी मिळणारा अवकाश दोन्ही अंतरांवर सारखाच येतो: ३० भागिले ३२०, म्हणजे साधारण ९४ मिलिसेकंद. आता आपणही त्याच्याबरोबर सरकू लागलो की पडद्यावर तो जवळजवळ थांबतो. सेकंदाला ६१ अंश हाताने फिरवण्याचे काम पायांनी उरकले जाते आणि हात फक्त बारीक दुरुस्तीसाठी मोकळा राहतो. भाच्याने हे कोणी न शिकवता आत्मसात केले होते आणि त्याच्या चांगल्या नेमाचे निम्मे श्रेय या सवयीला होते.

हीच सवय रॉकेटला मारक ठरत होती. रॉकेट सोडणाऱ्या खेळाडूचा स्वतःचा वेग रॉकेटला मिळत नाही. कोडमध्ये तो मिळवून देणारी एक ओळ आहे, पण ती टिप्पणीच्या खुणा लावून बंद केलेली आहे आणि शेजारी ‘खरे’ भौतिकशास्त्र अशा अर्थाचे शब्द अवतरण चिन्हांत लिहिलेले आहेत. धावत्या गाडीतून बाहेर फेकलेला चेंडू गाडीचा वेग घेऊन जातो. क्वेक थ्रीचे रॉकेट तसे करत नाही. ते सुटल्याक्षणी ज्या दिशेला नजर होती त्या दिशेला, जमिनीच्या हिशेबाने, सरळ जाते. भाचा मात्र सुटल्यानंतरही उजवीकडे सरकतच असे. त्यामुळे त्याच्या पडद्यावरचे सगळे जग डावीकडे वाहत होते आणि त्या जगाबरोबर त्याचे रॉकेटही. एकटा मीच त्याच्यासोबत सरकत असल्यामुळे पडद्याच्या मध्यभागी स्थिर दिसत होतो. स्थिर दिसणाऱ्या माणसाच्या शेजारी डावीकडे जाणारे रॉकेट पाहिले की डोळा एकच निष्कर्ष काढतो, तो म्हणजे रॉकेट वाकले.

त्याचा एक ठराविक वार आकड्यांत मांडून पाहू. आमच्यातले अंतर ६०० युनिट आहे, दोघेही एकाच दिशेला ३२० च्या वेगाने सरकत आहोत आणि क्रॉसहेअर माझ्या छातीवर अचूक आहे. त्या क्षणी रेलगन असती तर निश्चित लागली असती. रॉकेटला ६०० युनिट जायला सवलत धरून सुमारे ०.६२ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात मी १९७ युनिट पुढे गेलेलो असतो. रॉकेट मागच्या भिंतीवर न आदळता बरोबर माझ्या रेषेवर फुटले असते तरी काही उपयोग नव्हता, कारण स्फोटाचा प्रभाव १२० युनिटांपर्यंतच असतो आणि माझ्या शरीराची कड स्फोटापासून १८० युनिटांहून दूर असते. इजा शून्य. नेम परिपूर्ण आणि इजा शून्य, आणि अंतर तेच राहिले तर प्रत्येक वेळी त्याच प्रमाणात मागे. चुका इकडे-तिकडे विखुरलेल्या न दिसता एकाच बाजूला साचलेल्या दिसल्या, तर दोष हाताचा नसून हिशेबाचा असतो, हे ओळखण्याची ही चांगली खूण आहे.

या प्रकरणातून मला जो मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा की दोन्ही शस्त्रे दोन वेगवेगळ्या चौकटींत नेम मागतात. हिटस्कॅनसाठी पडदा हेच सत्य आहे: लक्ष्य आपल्या तुलनेत किती सरकते एवढेच मोजायचे, मग ते त्याच्यामुळे सरकत असो की आपल्यामुळे. प्रोजेक्टाइलसाठी जमीन हे सत्य आहे: लक्ष्य जमिनीवर किती वेगाने आणि कुठे चालले आहे ते पाहायचे, आणि आपण स्वतः काय करतो आहोत ते हिशेबातून वगळायचे. उलट बाजूने पाहिले तरी हेच खरे ठरते. प्रतिस्पर्धी भिंतीला टेकून निश्चल उभा असेल आणि आपण धावत असू, तर पडद्यावर तो वेगाने सरकतो. तरीही रॉकेट थेट त्याच्यावरच रोखायचे असते. सरकते आहे म्हणून पुढे रोखले की चुकलेच. भाच्याच्या हातून हीही चूक अधूनमधून होत होती.

जमिनीच्या चौकटीत एकदा शिरल्यावर पुढचा नेम किती घ्यायचा हा प्रश्न वाटतो त्याहून सोपा आहे. बहुतेक जण असे समजतात की लक्ष्य जितके दूर तितके जास्त पुढे रोखायचे. युनिटांत मोजले तर ते खरे आहे, पण माऊस युनिटांत फिरत नाही, अंशांत फिरतो. लक्ष्य दुप्पट दूर गेले की रॉकेटला दुप्पट वेळ लागतो, लक्ष्य दुप्पट सरकते, आणि दुप्पट अंतरावरून ते दुप्पट सरकणे तितक्याच कोनाचे दिसते. म्हणून सरळ आडव्या धावणाऱ्या माणसासाठी कोन एकच राहतो आणि तो फक्त दोन वेगांच्या गुणोत्तरावरून ठरतो:

```
sin(θ) = 320 / 900   →   θ ≈ 20.8°
```

वर सांगितलेल्या ५० मिलिसेकंदांच्या सवलतीमुळे प्रत्यक्षात तो थोडा कमी भरतो. माझ्या हिशेबाने ३०० युनिटांवर सुमारे १८ अंश, ६०० वर १९ आणि ९०० वर २० अंशांच्या आसपास. हा कोन हाताला शिकवण्यासाठी मी भाच्याला पडद्यावरची खूण दिली. पडद्यावर किती अंशांचे दृश्य मावते हे `cg_fov` ठरवते. `cg_fov 90` असताना १९ अंश म्हणजे पडद्याच्या मध्यापासून कडेपर्यंतच्या अंतराचा साधारण एक तृतीयांश भाग. प्रतिस्पर्धी उजवीकडे पूर्ण वेगाने पळत असेल तर क्रॉसहेअर त्याच्या पुढे एवढा न्यायचा की तो मध्यापासून एक तृतीयांश डावीकडे दिसेल. प्लाझ्मा गनचा वेग २००० असल्याने तिथे हाच कोन सुमारे नऊ अंशांवर येतो आणि खूण एक षष्ठांशावर. प्रतिस्पर्धी तिरका धावत असेल तर फक्त आडवा भाग मोजायचा. ४५ अंशांत तिरका असेल तर साधारण १५ अंश पुरतात, आणि तो थेट आपल्याकडे किंवा आपल्यापासून दूर पळत असेल तर पुढे रोखण्याची गरजच नसते. `cg_fov` बदलले तर कोन तोच राहतो, पण पडद्यावरची खूण बदलते, हे मात्र विसरून चालत नाही.

आम्ही त्याची तालीम दोन पायऱ्यांत केली. आधी मी एका लांब दालनात सरळ रेषेत धावत राहिलो आणि भाच्याने एका जागी उभे राहून रॉकेटे सोडली. अर्ध्या तासात त्याला एक तृतीयांशाची खूण बसली. मग मी त्याला पुन्हा माझ्याबरोबर सरकायला सांगितले आणि अपेक्षेप्रमाणे रॉकेटे पुन्हा मागे पडू लागली. पडद्यावर मी स्थिर दिसू लागलो की पुढे रोखायला त्याचे मन धजत नसे. हाताला कोन ठाऊक होता, पण डोळा सांगत होता की समोरचा माणूस हललेलाच नाही. यावर उपाय म्हणून मी त्याला माझ्याकडे न पाहता माझ्या पायांखालच्या फरशीकडे पाहायला सांगितले. फरशीच्या रेघा माझ्या पायांखालून किती वेगाने मागे जात आहेत हे दिसले की जमिनीवरचा माझा वेग डोळ्यांना कळतो, मग पडद्यावर मी कुठेही असेन. दोन संध्याकाळींत मागे पडणारी रॉकेटे बरीच कमी झाली.

त्यानंतर चुका दुसऱ्या प्रकारच्या दिसू लागल्या: आता काही रॉकेटे माझ्या पुढे फुटत होती. डेमोत पाहिले तर भाच्याचा कोन बरोबर होता, मीच मध्येच दिशा बदलली होती. अंतराचे खरे काम इथे सुरू होते. कोन अंतराबरोबर बदलत नसला तरी प्रतिस्पर्ध्याला मन बदलायला मिळणारा वेळ बदलतो. माणसाला रॉकेट दिसून बोटे हलायला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. ३०० युनिटांवर रॉकेट ०.३ सेकंदांच्या आत पोहोचते, म्हणजे त्याच्या हाती सेकंदाचा दहावा भागही उरत नाही आणि तेवढ्यात पूर्ण वेग उलटा करणेही शक्य होत नाही. ९०० युनिटांवर मात्र त्याच्याकडे पाऊण सेकंद असतो आणि तो अपेक्षित जागेपासून दोनशेहून अधिक युनिट दूर जाऊ शकतो. तिथे अचूक कोन हा केवळ एक अंदाज उरतो. रेलगनला ही अडचण कधीच येत नाही, म्हणून मोकळ्या मैदानातल्या लांब अंतरावर रॉकेट लाँचर धरून राहणे मला चुकीचे वाटते. भाच्याला तो आवडतो म्हणून तो धरायचा, हे मी त्याला स्पष्टपणे नाकारले.

जवळच्या आणि मधल्या अंतरावर मात्र रॉकेटजवळ असे काही आहे जे रेलगनजवळ नाही, आणि ते म्हणजे स्फोट. थेट लागले तर रॉकेट १०० ची इजा करते. नुसते जवळ फुटले तरी शरीराच्या कडेपासून जितके अंतर असेल त्या प्रमाणात इजा घटत जाते: कडेला लागून १००, ६० युनिटांवर ५० आणि १२० वर शून्य. म्हणून अनुभवी खेळाडू छातीवर न रोखता पायांजवळच्या जमिनीवर रोखतात. बाजूने चुकले तरी रॉकेट दूरच्या भिंतीपर्यंत वाया न जाता तिथेच फुटते. भाच्याने हे ऐकले होते आणि तो करतही होता, पण सपाट दालनात लांबून केले तर त्याला काहीच मिळत नव्हते. त्याचे कारण उंचीत आहे. उभ्या खेळाडूचे डोळे जमिनीपासून ५० युनिटांवर असतात. ३०० युनिटांवरच्या जमिनीवर रोखताना नजर साडेनऊ अंश खाली जाते, आणि हात एक अंश वर किंवा खाली चुकला तर स्फोट साधारण ३० ते ३५ युनिट पुढेमागे होतो, जे चालून जाते. ९०० युनिटांवर मात्र नजर जेमतेम तीन अंश खाली असते; तिथे एक अंश वर चुकला तर रॉकेट सुमारे १३०० युनिटांवर आणि एक अंश खाली चुकला तर ६८५ युनिटांच्या आसपास जमिनीला भिडते. एवढ्या मोठ्या फरकात १२० युनिटांचा स्फोट कुणाला गाठणार? तोच खेळाडू २०० युनिट उंच कट्ट्यावर चढला तर ९०० युनिटांवर एका अंशाची चूक साठ-पासष्ट युनिटांवर येते, म्हणजे निम्म्या इजेच्या आत. रॉकेट लाँचर घेतलेल्या माणसाने वरचा मजला धरावा हे सगळे सांगतात. त्याचे कारण या त्रिकोणात आहे.

उडी मारलेला प्रतिस्पर्धी हा रॉकेटसाठी सर्वांत अनुकूल क्षण, आणि या भागावर आम्ही बराच वेळ घालवला. सपाट जमिनीवरची उडी ०.६७५ सेकंद टिकते, कारण उडीचा वेग २७० आणि गुरुत्वाकर्षण ८०० आहे. हवेत असताना दिशा बदलण्याची ताकद जमिनीवरच्या ताकदीच्या फार खाली येते. ज्याने उडी मारली त्याने आपण कुठे उतरणार हे एक प्रकारे जाहीर केलेले असते. उडी दिसल्यावर आपल्याला एक पंचमांश सेकंद लागला असे धरले, तर सुमारे ४७० युनिटांच्या आत रॉकेट त्याच्या उतरण्याच्या जागी त्याच्याबरोबर किंवा आधी पोहोचते. मग नेम माणसावर न धरता जमिनीवरच्या त्या जागेवर धरायचा. `q3dm17` या प्रसिद्ध नकाशात हे फार मोठ्या प्रमाणावर दिसते: तिथे पोकळीत तरंगणाऱ्या फरशा आहेत आणि माणसाला लांब फेकणारे जंप पॅड आहेत. पॅडवरून उडालेला माणूस बराच वेळ जवळजवळ ठरलेल्या मार्गाने जातो. रेलगनवाला त्याला वरच्या टोकाला, जिथे उभा वेग शून्याजवळ येतो, तिथे टिपतो. रॉकेटवाला उतरण्याच्या जागेवर आधीच रॉकेट पाठवून ठेवतो. हवेत एकाच माणसाकडे पाहून दोघे दोन वेगळ्या ठिकाणी नेम धरतात.

हिटस्कॅनबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर भाच्यासारखे कोणी घरच्या केबलवर शिकून इंटरनेटवर गेले की गोंधळेल. रेषेत काळ नसला तरी रेषा काढण्याचा हुकूम सर्व्हरपर्यंत पोहोचायला काळ लागतो. मूळ क्वेक थ्रीमध्ये तो हुकूम पोहोचला त्या क्षणी प्रतिस्पर्धी जिथे असेल तिथेच तपासणी होते. पिंग १०० मिलिसेकंद असेल तर आडवा धावणारा माणूस तेवढ्यात ३२ युनिट, म्हणजे स्वतःच्या रुंदीहून किंचित जास्त, पुढे जातो. त्यामुळे त्या काळी रेलगनलाही शरीरभर पुढे रोखावे लागे आणि पिंग बदलले की तो अंदाजही बदलावा लागे. पुढे ‘अनलॅग्ड’ नावाच्या मॉडने सर्व्हरला मागच्या स्थिती लक्षात ठेवायला लावले आणि खेळाडूने बटण दाबताना जे पाहिले त्यावरून निकाल द्यायला सुरुवात केली. तशी भरपाई असलेल्या सर्व्हरवर हिटस्कॅनचा नेम पुन्हा सरळ शरीरावर येतो. रॉकेट मात्र हवेत राहणारी वस्तू असल्याने सर्वांसाठी एकाच वर्तमानात उडते, आणि त्याला भरपाई सहसा मिळत नाही. पिंगचे ते ३२ युनिट त्याच्या पुढच्या नेमात मिळवावे लागतात. कोणत्या सर्व्हरवर काय चालते हे ओळखायचे असेल तर आडव्या धावणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या बरोबर मध्यावर रेलगन रोखून काही वार करून पाहावेत. सगळे वार लागले तर भरपाई आहे; रेघ शरीरातून गेलेली दिसूनही काहीच लागले नाही तर नाही.

सुट्टीच्या शेवटी भाच्याने त्याच्या खेळात एक बदल केला, जो मी सुचवला नव्हता. लाइटनिंग गन हातात असताना तो पूर्वीसारखाच माझ्याबरोबर सरकतो. रॉकेट लाँचर काढला की तो मुद्दाम माझ्या उलट दिशेला सरकतो. त्यामुळे मी त्याच्या पडद्यावर जास्त वेगाने पळताना दिसतो आणि पुढे रोखायला त्याच्या मनाला अडचण वाटत नाही. हिशेबाने पाहिले तर त्याच्या स्वतःच्या दिशेने रॉकेटच्या कोनात काहीच फरक पडत नाही, आणि उलट सरकल्यामुळे क्रॉसहेअर योग्य जागी नेणे थोडे कठीणच होते. तरीही त्याच्या डोळ्यांना हे मानवते. शेवटच्या संध्याकाळच्या डेमोत त्याची रॉकेटे माझ्या पायांपुढच्या फरशीवर फुटत होती आणि मी दर वेळी त्यांच्यात स्वतःहून धावत जात होतो.